नव्या बॉसबरोबरचा पहिला अर्धा तास

मागच्या नोकरीत नवे मॅनेजर आले. पहिल्याच वन-ऑन-वनमध्ये त्यांनी विचारलं, "टीम कशी चाललीये?" आणि मी वीस मिनिटं जुन्या मॅनेजरबद्दलची गाऱ्हाणी ओतली. ते मान डोलवत राहिले, वहीत मात्र एक अक्षर लिहिलं नाही. पुढे कळलं, ते दोघं जुने मित्र! बरं, माझ्याकडे नेमकं काय काम आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

त्यामुळे हिंजवडीतल्या सध्याच्या कंपनीत, ऐन रिलीजच्या तोंडावर नव्या मॅडम आल्या तेव्हा मी पहिल्या वन-ऑन-वनच्या आदल्या दिवशीच त्यांना एक पान पाठवलं. मी टेस्टिंगमध्ये आहे. पानावर हातातली तीन कामं होती. प्रत्येक कुठवर आलंय, कोणापाशी अडलंय आणि तारीख काय, एवढंच. अडलेलं काम सगळ्यात वर ठेवलं: क्लायंटकडून टेस्ट डेटा आठ दिवस उशिरा आलाय, 12 डिसेंबरची तारीख अवघड आहे. खाली एक ओळ, बहिणीच्या लग्नासाठी 9 ते 16 सुट्टी आधीच मंजूर आहे. हे ऐनवेळी कळलं असतं तर सुट्टीवर गदा आली असती. भेटीत मॅडमनी लगेच विचारलं, "तुझ्या मागे कोण बघेल?" आणि तिथल्या तिथे नाव ठरलं.

विचारायचे प्रश्न मी दोनच ठेवले होते. पहिला, "तुम्हाला वर दर आठवड्याला काय सांगावं लागतं?" त्या म्हणाल्या, "किती डिफेक्ट उघडे आहेत आणि सगळ्यात जुना किती दिवसांचा आहे." माझा शुक्रवारचा मेल तोवर 'किती टेस्ट केसेस झाल्या' याने सुरू व्हायचा. त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता तो. दुसरा, वाईट बातमी कशी हवी? "अर्धवट कळलं असलं तरी फोन कर. मेल नंतर."

आधीच्या मॅनेजरनी तोंडी कबूल केलेलं प्रमोशन हा नाजूक विषय. "मला शब्द दिला होता" असं म्हटलं की समोरचा आखडतो. शब्द त्याचा नसतो ना! मी म्हटलं, "जूनमध्ये सीनियरच्या पदाबद्दल बोलणं झालं होतं, लेखी काही नाही. त्यासाठी माझ्या कामात काय दिसायला हवं?" त्यांनी कबूल काही केलं नाही. जानेवारीत परत बोलू म्हणाल्या. संध्याकाळी चार ओळींचा मेल टाकला, त्यात हा जानेवारीही लिहिला.

तीन आठवड्यांनी टेस्ट सर्व्हर रात्री साडेआठला बसला. कारण ठाऊक नव्हतं, तरी फोन केला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "दहापर्यंत बघ, मग क्लायंटला मी कळवते."