सेलर अकाउंट सस्पेंड झालं? मग निदान या चुका टाळा

अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवरचं सेलर अकाउंट सस्पेंड झाल्याचा मेल आला की बहुतेक विक्रेते पहिल्या अर्ध्या तासातच स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान करून घेतात. मेल शेवटपर्यंत वाचत नाहीत. अपीलचं बटण दिसलं की मनात येईल ते लिहून पाठवून देतात. मी काही वर्षं विक्रेत्यांना अपील लिहायला मदत करतो आहे आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन-तीन अपिलं फेटाळली गेल्यावरच येतो. तोवर त्याने आधीच्या पत्रांत जे काही लिहून ठेवलेलं असतं, ते पुढच्या पत्राच्या आड येतं. पहिल्या पत्रात ‘आमच्याकडून काहीच चुकलं नाही’ आणि चौथ्यात ‘आमचं अमुक चुकलं’ असं आलं, तर वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे मेल वाचा, आणि कारण नेमकं कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा. ओळखपत्र, पत्ता किंवा बँक खात्याची पडताळणी अडली असेल, तर तिथे चुकीची कबुली देणारं लांबलचक पत्र नको. कागद हवेत, आणि त्यावरचं नाव-पत्ता अकाउंटमधल्या नाव-पत्त्याशी अक्षरशः जुळायला हवा. उशिरा पाठवणं, ऑर्डर रद्द करणं अशी कामगिरीची तक्रार असेल तर आकडे आणि कामाची पद्धत सांगावी लागते. माल अस्सल नाही असा संशय असेल तर खरेदीची इन्व्हॉइस लागतात. ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटची तक्रार असेल, तर एक तर ती तक्रार करणाऱ्या हक्कधारकाने मागे घ्यावी लागते किंवा तो माल विकण्याचा अधिकार तुमच्याकडे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. या चारही गोष्टींना एकच पत्र चालवणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांची अपिलं परत आलेलीही पाहिलीत.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला तिच्याबद्दल सविस्तर सांगतो: कारण न शोधताच पत्र लिहिणं.

माझ्या ओळखीचा एक विक्रेता ट्रिमर विकायचा. त्याला मेल आला की ‘वापरलेली वस्तू नवी म्हणून विकल्याच्या तक्रारी आहेत.’ त्याने वीस मिनिटांत पहिलं अपील पाठवलं: आम्ही सहा वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतो, ग्राहक खोटं बोलतात, यामागे कुणीतरी स्पर्धक आहे, आमच्यावर कामगारांची घरं अवलंबून आहेत. अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्यांदा त्याने कंपनीकडून घेतलेल्या मालाची सगळी बिलं जोडली. पण माल नकली आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. तेही फेटाळलं गेलं. तिसऱ्यांदा कुणीतरी दिलेला तयार नमुना स्वतःचं नाव घालून पाठवला. त्या नमुन्यात ‘उशिरा पार्सल पाठवल्याबद्दल क्षमस्व’ हे वाक्य तसंच राहिलं होतं.

मग तो माझ्याकडे आला. मी त्याला आधी गोदामात घेऊन गेलो. परत आलेल्या मालाची मांडणी बघायची होती. रिटर्न आलेले खोके एका टोपलीत पडायचे, पॅकिंगवाला मुलगा खोका पुसायचा, नवा गोल स्टिकर लावायचा आणि खोका पुन्हा विक्रीच्या कप्प्यात ठेवायचा. आत कुणी बघतच नव्हतं. आम्ही कप्प्यातले दहा खोके उघडले. तिसऱ्याच ट्रिमरच्या पात्यात दोन केस अडकलेले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. ग्राहक खोटं बोलत नव्हते.

त्यानंतर आम्ही शेवटच्या ६० दिवसांचा रिटर्नचा रिपोर्ट काढला, तक्रार आलेल्या नऊ ऑर्डरींचे क्रमांक घेतले आणि प्रत्येक क्रमांक पॅकिंगच्या वहीशी जुळवला. नऊपैकी सात ट्रिमर परत आलेल्या मालातून गेले होते. उरलेले दोन खरोखरच नवे होते, पण कंपनीच्या खोक्याला सील नव्हतं आणि वाटेत झाकण उघडलं गेलं होतं. म्हणजे कारणं दोन होती आणि दोन्हींचे उपाय वेगळे होते. वहीशी जुळवलं नसतं तर दुसरं कारण कळलंच नसतं.

अपीलच्या पत्राचे तीन भाग असतात: मूळ कारण काय, आतापर्यंत काय केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. त्याच्या पत्राचा गाभा साधारण असा होता:

“तक्रार आलेल्या नऊ ऑर्डर आम्ही तपासल्या. त्यांपैकी सात ऑर्डरींत ग्राहकाने परत केलेला ट्रिमर आत न तपासता पुन्हा नवा म्हणून पाठवला गेला. परत आलेला माल वेगळा ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. दोन ऑर्डरींत माल नवा होता, पण खोक्याला सील नसल्यामुळे तो उघडलेला दिसला.

नऊही ग्राहकांचे पैसे परत केले आहेत. परत आलेले सगळे ट्रिमर विक्रीतून काढले आहेत, त्यांची यादी जोडली आहे.

यापुढे परत आलेला एकही ट्रिमर नवा म्हणून विकला जाणार नाही. रिटर्नसाठी कुलूपबंद वेगळं कपाट केलं आहे आणि त्याची नोंद एकच व्यक्ती ठेवते. प्रत्येक नव्या खोक्याला पारदर्शक आवरण लावूनच तो बाहेर जातो. दोन्हींचे फोटो जोडले आहेत.”

पत्र एवढंच होतं, एका पानात मावणारं. सहा वर्षांचा इतिहास नाही, कामगारांची घरं नाहीत, स्पर्धकाचं नाव नाही. पत्र वाचणाऱ्याला एकच प्रश्न पडलेला असतो: हा माणूस उद्या पुन्हा विकायला लागला तर हीच तक्रार पुन्हा येईल का? ज्या वाक्याने त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, ते मी खोडतो. ‘आम्ही यापुढे अधिक काळजी घेऊ’ हे तर मी हमखास खोडतो. काळजी कोण घेणार, कधी, कशी, हे त्यात काहीच नसतं. दोन दिवसांनी साइटवाल्यांनी पॅकिंगचे आणखी फोटो मागितले, ते दिले, आणि अकाउंट पुन्हा सुरू झालं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जे केलेलं नाही त्याची कबुली देऊ नका. ‘कबूल केलं की सोडतात’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. तुमचं अकाउंट चुकून दुसऱ्या कुणाच्या बंद अकाउंटशी जोडलं गेलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि संबंध नसल्याचे कागद द्या. नकली माल विकल्याचं खोटंच मान्य केलंत, तर पुढे ती कबुली मागे घेता येत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे नवं अकाउंट उघडणं. भावाच्या नावाने, बायकोच्या नावाने, दुसऱ्या फोन नंबरवर. मला हा मार्ग सुचवणाऱ्यांचा मनापासून राग येतो, कारण भोगावं लागतं ते ऐकणाऱ्याला. बँक खातं, पत्ता, फोन, कॉम्प्युटर, इंटरनेटचं कनेक्शन, रिटर्नचा पत्ता, अगदी लिस्टिंगचे फोटो, यांतलं काहीही जुळलं की दोन्ही अकाउंटं एकमेकांशी जोडली जातात. मग नवं तर बंद होतंच, पण जुन्याचं साधं, सुटण्यासारखं प्रकरणही नियम चुकवण्याच्या प्रकरणात बदलतं. उशिरा पाठवलेल्या पार्सलांचं कारण समजावता येतं. सस्पेन्शन चुकवायला घरच्या माणसाच्या नावाने अकाउंट का उघडलं, याचं पटेल असं कारण मला आजवर लिहिता आलेलं नाही.

बिलात फेरफार करू नका. तारीख किंवा नग बदललेली इन्व्हॉइस सप्लायरला फोन करून पडताळली जाऊ शकतात, आणि एकदा पकडलं गेलं की परतीची वाट जवळजवळ बंद होते. रोज नवं अपील टाकू नका, उत्तर येईपर्यंत थांबा. ज्या ऑर्डरी आधीच आल्या आहेत त्यांबद्दल मेलमध्ये काय सांगितलंय ते बघा, आणि पाठवायला सांगितलं असेल तर वेळेत पाठवा. रागाने सगळ्या रद्द केल्या तर तो आकडाही तुमच्याच नावावर चढतो. पैसे काही काळ अडकतील हे धरून चाला, त्यासाठी आरडाओरडा करून अपीलचं काम मागे पाडू नका.

आता आधीपासूनच काय करावं याबद्दल. आकडे माहीत असायलाच हवेत. अ‍ॅमेझॉनवर स्वतः पार्सल पाठवणाऱ्या विक्रेत्याला सदोष ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, उशिरा पाठवलेल्यांचं ४ टक्क्यांच्या आत आणि पाठवण्याआधी स्वतः रद्द केलेल्यांचं २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. सदोष ऑर्डरी ६० दिवसांच्या कालावधीवर मोजल्या जातात आणि त्यात वाईट अभिप्राय, भरपाईचे दावे आणि कार्डवरून परत ओढलेले पैसे धरले जातात. नव्या विक्रेत्याला इथेच फटका बसतो. ६० दिवसांत ८० ऑर्डर असतील तर एकच वाईट ऑर्डर म्हणजे १.२५ टक्के. थोड्या ऑर्डरी असणाऱ्याने जास्त सांभाळून राहायला हवं, पण घाईत तोच दहा नव्या वस्तू एकदम लावतो आणि स्टॉक नसताना ऑर्डरी घेतो.

माझी स्वतःची सवय सोमवारी सकाळची आहे. चहाच्या आधी आठवड्याचे सगळे रिटर्न उघडतो आणि ग्राहकाने लिहिलेलं कारण शब्दशः वाचतो. ‘आवडलं नाही’ हे मी सोडून देतो. ‘खोका उघडा होता’, ‘फोटोतल्यासारखं नाही’, ‘अस्सल वाटत नाही’ यांपैकी काही एकाच वस्तूवर दोनदा दिसलं, तर ती लिस्टिंग त्याच दिवशी स्वतः थांबवतो आणि एक नग हातात घेऊन बघतो. विक्री दोन दिवस बुडते. ट्रिमरवाल्याच्या रिटर्नमध्ये ‘आधी वापरलेला वाटतो’ हे वाक्य सस्पेन्शनच्या पाच आठवडे आधीपासून येत होतं.

दुसरी सवय कागदांची. खरेदीची इन्व्हॉइस आली त्याच दिवशी स्कॅन करतो आणि चार गोष्टी बघतो: माझं नाव-पत्ता अकाउंटसारखाच आहे का, सप्लायरचा फोन चालू आहे का, वस्तूचं नाव ओळखू येतंय का, आणि वर्षभरातल्या बिलांवरचे नग विक्रीला पुरतात का. तीनशे नग विकलेत आणि बिलं साठ नगांचीच आहेत, तर बाकीचे कुठून आले हा प्रश्न येणारच. साध्या दुकानाची पावती अशा वेळी बहुधा चालत नाही.

आणि महिन्याच्या एक तारखेला ऑर्डर, रिटर्न आणि पैशांचे रिपोर्ट उतरवून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवतो. सस्पेंड झाल्यावर काही वेळा ही पानंच उघडत नाहीत. ट्रिमरवाल्याचा रिटर्नचा रिपोर्ट सुदैवाने उघडला. त्याच्यानंतर आलेल्या एका बाईंचा उघडला नाही, आणि त्यांच्या तक्रारींच्या ऑर्डरी आम्हाला कुरिअरच्या पावत्यांवरून एकेक करून शोधाव्या लागल्या.