कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? सोप्या शब्दांत सांगून बघा, आपल्याला खरंच कळलंय का ते कळतं

परवा पाचवीतल्या भाचीने विचारलं, मामा, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? मी लगेच म्हटलं, अगं आत प्रेशर वाढतं ना, म्हणून. ती म्हणाली, म्हणजे प्रेशर डाळीला दाबून मऊ करतं का? आणि मी गप्प, कारण "नाही" एवढं माहीत होतं पण मग नक्की काय होतं ते सांगता येईना. मग बसून पहिल्यापासून केलं, ते कसं केलं तेच लिहितोय. तुम्ही दुसऱ्या कुठल्याही विषयावर करू शकता, मी कुकरवरच राहतो.

आधी कागदावर प्रश्न लिहा, विषयाचं नाव नको. "प्रेशर कुकर" असं लिहिलं तर आपण काहीही चार वाक्यं लिहून मोकळे होतो, "डाळ पातेल्यात तासभर घेते ती कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत का शिजते" असं लिहिलं की पळवाट राहत नाही.

मग पुस्तकातले दोन-तीन शब्द बंद करून टाका. मी "दाब" आणि "उत्कलनबिंदू" बंद केले. हे दोन शब्द न वापरता लिहिलेलं माझं पहिलं उत्तर असं होतं: वाफ आत कोंडली जाते म्हणून गरम जास्त होतं म्हणून डाळ लवकर शिजते. वाचायला ठीक वाटतं ना? आता प्रत्येक "म्हणून"खाली पेन्सिलने रेघ मारा आणि तिथे "का बरं?" विचारा. दुसरा "म्हणून" सोपा आहे, पाणी जितकं गरम तितकी डाळ लवकर मऊ होते, पण वाफ कोंडली की पाणी जास्त गरम का होतं? इथे माझ्याकडे काहीच नव्हतं. भोक सापडलं ते हेच.

आता पुस्तक उघडायचं ते फक्त या भोकासाठी, सगळा धडा परत वाचत बसू नका, नाहीतर वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि भोक तसंच राहतं. मला जे मिळालं ते भाचीला असं सांगितलं: पाणी उकळतं म्हणजे पाण्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरची हवा पाण्याला सतत खाली रेटत असते, बुडबुड्याला तिच्याविरुद्ध फुगायचं असतं. उघड्या पातेल्यात साधारण 100 अंशाला वाफेत तेवढा जोर येतो, मग पाणी उकळायला लागतं, आणि त्यानंतर गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याहून गरम होत नाही, जास्तीची उष्णता नवी वाफ करण्यातच जाते. कुकरमध्ये कोंडलेली वाफसुद्धा पाण्याला वरून रेटते, एकूण रेटा जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून बुडबुड्याला जास्त जोर लागतो आणि तो जोर साधारण 120 अंशाला येतो. तोपर्यंत पाणी तापत राहतं. डाळीला दाबून कोणी मऊ करत नाही, ती नुसती जास्त गरम पाण्यात शिजते.

इथे थांबू नका, कारण हेसुद्धा पाठ होऊ शकतं. खरी परीक्षा म्हणजे परिस्थिती थोडी बदलायची आणि पुस्तक न बघता उत्तर आधी लिहून ठेवायचं. मी तीन प्रश्न घेतले.

एक, शिट्टी व्हायला लागल्यावर गॅस मोठाच ठेवला तर डाळ आणखी लवकर शिजेल का? नाही. वरचं वजन ठराविक रेट्याला उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर जाते, त्यामुळे आतलं तापमान तिथेच राहतं, फक्त शिट्ट्या भराभर होतात, गॅस जातो आणि पाणी आटतं. म्हणूनच "चार शिट्ट्या" हे माप प्रत्येक घरात वेगळं निघतं, आच कमी करून मिनिटं मोजलेली बरी. (मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं.)

दोन, गॅस बंद केल्यावर लगेच शिट्टी उचलली तर फेस का उसळतो? पाणी अजून 100 च्या वर असतं, वरचा रेटा अचानक जातो, आणि ते सगळीकडून एकदम उकळायला लागतं. हे कागदावरच सोडवा, करून बघू नका, भाजतं.

तिसऱ्यात मी चुकलो. महाबळेश्वरला, साधारण 1,350 मीटर उंचीवर, काय होईल? उघड्या पातेल्यात पाणी 95-96 अंशालाच उकळेल हे बरोबर आलं, पण कुकरमध्ये मात्र 120 च राहील असं मी लिहिलं होतं. भाचीने विचारलं, मामा, शिट्टीवर वरून हवा पण बसलेली असते ना, ती तिथे कमी नाही का? बरोबर होतं तिचं. वजन तेवढंच, पण त्यावरचा हवेचा रेटा कमी, म्हणून शिट्टी थोडी आधीच उचलली जाते आणि आतलं पाणीही 120 पेक्षा दोन-तीन अंश कमीच राहतं.