खणखणीत वाजलेले चाकही फुटू शकते : बेंच ग्राइंडरवर चाक चढवताना या चुका टाळा

बेंच ग्राइंडरचे चाक हातात धरून वाजवले, आवाज खणखणीत आला, म्हणजे चाक ‘पास’ झाले असे बहुतेक वर्कशॉपमध्ये मानले जाते. ही चाचणी आवश्यकच आहे; परंतु ती चाकाची केवळ त्या क्षणाची अवस्था सांगते. त्यानंतरच्या दहा मिनिटांत, म्हणजे चाक स्पिंडलवर बसवून नट आवळेपर्यंत, त्याच चाकाला तडा देण्याच्या पुष्कळ संधी आपण स्वतः निर्माण करत असतो. माझ्या पाहण्यात आलेले एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे.

२०० मिमी व्यासाच्या चाकाचा तो ग्राइंडर होता. नवे चाक २५ मिमी जाडीचे होते, त्याचे भोक ३१.७५ मिमीचे आणि स्पिंडल मात्र १६ मिमीचा होता. अशा वेळी भोकात प्लास्टिकचा बुश घालतात, तसा तो घातला होता. चाक बसवण्यापूर्वी कारागिराने ते माझ्यासमोर वाजवले होते आणि आवाज स्वच्छ होता. मशीन सुरू झाल्यावर मात्र काम जरा दाबून धरले की मोटर फिरत राही आणि चाक मंदावे. नट सैल असेल असे समजून त्याने पान्याला पाइप लावून तो आणखी आवळला. पुन्हा सुरू करण्याआधी मी त्याला थांबवले आणि चाक उतरवायला सांगितले. उतरवलेले चाक वाजवले, तेव्हा तेच चाक फुटक्या मडक्यासारखे बद्द वाजले. नीट पाहिल्यावर भोकापासून बाहेरच्या बाजूला गेलेला केसासारखा तडा दिसला.

दोष बुशचा होता. तो जुन्या, अधिक जाड चाकातून काढलेला असल्यामुळे सुमारे २९ मिमी लांब होता, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन मिमी बाहेर आला होता. चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या धातूच्या चकत्यांना, म्हणजे फ्लँजना, मध्यभागी खोलगट भाग असतो, तो येथे जेमतेम दीड मिमी खोल होता. परिणामी दोन्ही फ्लँज बुशवर टेकत होत्या आणि त्यांच्या कडा चाकापर्यंत पोहोचतच नव्हत्या. उरलेली अर्ध्या मिमीची फट चाकाच्या बाजूला चिकटवलेल्या कागदी चकतीने झाकली गेल्याने बाहेरून सर्व ठीक दिसत होते. चाकाला पकड नव्हती म्हणून ते घसरत होते, आणि नट जितका आवळावा तितका प्लास्टिकचा बुश चेपून जाड होत भोकाच्या भिंतीवर आतून दाब देत होता. ग्राइंडिंगचे चाक दाबाला बरेच टिकते, पण ताणाला अत्यंत कच्चे असते. भोक आतून फाकवणे हा त्याला फोडण्याचा जणू खात्रीचा मार्ग आहे.

म्हणून पहिला नियम असा, की बुश चाकाच्या बाजूंबाहेर जराही येता कामा नये. पोलादी पट्टी चाकाच्या बाजूवर भोकावरून आडवी ठेवून पाहिली तर हे एका क्षणात कळते. तसेच चाक स्पिंडलवर हाताने सहज सरकले पाहिजे. ठोकून बसवावे लागत असेल तर भोक लहान आहे, आणि ढकलल्यावर खडखडत असेल तर बुश चुकीचा आहे.

फ्लँजबाबतची दुसरी चूक याहून जास्त आढळते. मूळ फ्लँज हरवते आणि तिच्या जागी हाताशी असलेला मोठा वॉशर लागतो. फ्लँजचा व्यास चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असावा, म्हणजे २०० मिमीच्या चाकाला सुमारे ६७ मिमी, आणि दोन्ही बाजूंच्या फ्लँज सारख्याच व्यासाच्या असाव्यात. एक बाजू मोठी आणि दुसरी लहान असेल, तर नट आवळताना चाक दोन वेगवेगळ्या वर्तुळांवर दाबले जाऊन वाकते. सपाट वॉशरला मधला खोलगट भाग नसतो. त्यामुळे सगळा दाब भोकाच्या कडेवर येतो, आणि चाकाची सर्वांत नाजूक जागा तीच असते.

चाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली कागदी चकती अनेक जण लेबल समजून खरवडून काढतात. तिचे काम चाकाच्या खरबरीत पृष्ठभागावरील उंचसखलपणा सामावून घेऊन दाब सगळीकडे सारखा पोहोचवण्याचे आहे. ती फाटली असेल तर नवी घालावी आणि ती फ्लँजपेक्षा लहान असू नये. तपासणीसाठीही ती मोठी उपयोगी पडते. चाक बसवून, आवळून, पुन्हा उतरवून तिच्यावर उमटलेला ठसा पाहावा. फ्लँजच्या कडेचे अखंड, सारखे वलय दिसले तर पकड बरोबर आहे. अर्धचंद्रच उमटला असेल तर फ्लँज वाकलेली आहे किंवा तिच्यामागे किटण अडकले आहे. वरील प्रकरणात कागदावर वलय जवळजवळ नव्हतेच, आणि बुशच्या टोकांवर मात्र चेपल्याची स्पष्ट खूण होती.

नट आवळण्याला साधा पाना पुरतो. पाइप लावण्याचा मोह झाला तर चूक दुसरीकडे आहे असे समजावे. समोरून पाहता डाव्या टोकाच्या नटाला उलटे आटे असतात, हेही लक्षात ठेवावे, कारण तो नट ‘सुटत नाही’ म्हणून प्रत्यक्षात आवळत राहणारे लोक मी पाहिले आहेत. समोरून पाहता चाकाचा पुढचा भाग खाली जातो. फिरण्याच्या ओघाने नट घट्टच व्हावा यासाठी ही योजना असते.

आता वाजवण्याच्या चाचणीकडे येऊ, कारण तीदेखील अर्धवट केली जाते. चाक कोरडे आणि भुशापासून स्वच्छ केलेले असावे. ओलसर चाक चांगले असूनही बद्द वाजते. हलके चाक भोकातून बोट किंवा दांडी घालून लटकवावे, जड चाक स्वच्छ टणक जमिनीवर उभे धरावे. स्क्रू ड्रायव्हरची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ, अथवा मोठ्या चाकासाठी लाकडी हातोडी वापरावी. लोखंडाने वाजवू नये. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत हलकेच टोला द्यावा. थेट मध्यरेषेवर मारल्यास आवाज दबतो आणि चांगले चाकही संशयास्पद वाटते. नंतर चाक ४५ अंश फिरवून पुन्हा वाजवावे, आणि दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. एकच टोला मारून समाधान मानणे योग्य नाही, कारण लहान तडा ज्या भागात आहे तेथेच आवाज बदलतो.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. खणखणीत, धातूसारखा नाद हा भट्टीत भाजलेल्या, व्हिट्रिफाइड बाँडच्या, म्हणजे कण काचेसारख्या पदार्थाने जोडलेल्या चाकांचा असतो, आणि बेंच ग्राइंडरवरील नेहमीची राखाडी व पांढरी चाके बहुधा त्याच जातीची असतात. रेझिन किंवा रबर बाँडची चाके मुळातच दबकी वाजतात. १०० मिमीपर्यंतच्या लहान चाकांवरही ही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. तेथे डोळ्यांनी तपासणे हाच उपाय उरतो.

चाक निवडताना लेबलवरील तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात : कमाल फेरे, घर्षककण आणि कणांची जाडी. पहिल्या गोष्टीत तडजोड नाही. समजा, चाकावर कमाल वेग सेकंदाला ३५ मीटर दिलेला आहे. २०० मिमी चाकासाठी त्याचा अर्थ मिनिटाला सुमारे ३३४० फेरे असा होतो. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर सुमारे २८५० फेरे देते, म्हणून हे चाक तेथे सुरक्षित आहे. ६० हर्ट्झवर त्याच जातीची मोटर ३४५० च्या आसपास जाते, आणि तेथे हेच चाक बसवणे धोक्याचे आहे. साध्या पोलादाच्या कामाला राखाडी ॲल्युमिनियम ऑक्साइड, हायस्पीड स्टीलच्या हत्यारांना पांढरे आणि कार्बाइडला हिरवे सिलिकॉन कार्बाइड चालते. ॲल्युमिनियम, पितळ अशा मऊ धातूंनी या चाकांचे छिद्र भरून जाते, मग चाक कापत नाही, फक्त तापते; आणि तापलेल्या चाकावर काम दाबणे ही पुढची चूक आपोआप घडते.

गार्डच्या बाबतीत चूक चाक बसवण्याच्या दिवशी क्वचित होते. ती पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू तयार होते. चाक आणि काम टेकवण्याची पट्टी, म्हणजे टूल रेस्ट, यांमधील फट ३ मिमीपेक्षा जास्त नसावी, आणि वरच्या बाजूची जीभ, म्हणजे गार्डच्या तोंडाशी असलेली सरकती पट्टी, चाकापासून ६ मिमीच्या आत असावी. चाक झिजते, पण या दोन वस्तू आहेत तेथेच राहतात. २०० मिमीचे चाक झिजून १७० मिमी झाले की त्रिज्या १५ मिमीने कमी होते, म्हणजे खालची फट ३ वरून १८ आणि वरची ६ वरून २१ मिमी होते. १८ मिमीच्या फटीत लहान तुकडा सहज ओढला जातो, तेथे अडकतो, आणि फिरते चाक त्याच्याविरुद्ध मोडते. मोडलेले तुकडे अडवणारी जीभही तेव्हा दूर गेलेली असते. ३ मिमी जाडीची पत्र्याची पट्टी मशीनला दोरीने बांधून ठेवली तर रोज सकाळी मोजमाप करण्यासाठी फूटपट्टी शोधावी लागत नाही. रेस्ट सरकवणे मात्र चाक पूर्ण थांबल्यावरच करावे.

बाजूचे झाकण चाक बदलताना काढावेच लागते, आणि ‘आधी चालवून पाहू, मग लावू’ हा विचार येथे नेमका उलटा आहे. चाक फुटायचे असेल तर ते बहुधा पहिल्या मिनिटातच फुटते. झाकण लावून, हाताने चाक एकदा फिरवून ते कशाला घासत नाही हे पाहून, बाजूला उभे राहून मशीन सुरू करावे आणि निदान एक मिनिट रिकामे पूर्ण वेगाने फिरू द्यावे. चाकाच्या समोर उभे राहू नये.

या एका मिनिटात मशीन थरथरले तर चाकाचा पृष्ठभाग घासून गोल करणारे हत्यार, म्हणजे ड्रेसर, लगेच हातात घेऊ नये. आधी वीज तोडावी, चाक उतरवून पुन्हा वाजवावे आणि कागदावरचा ठसा पाहावा. दोन्ही ठीक असतील तर चाकाची स्पिंडलवरील जागा अर्ध्या फेऱ्याने बदलून बसवून पाहावे. थरथर कमी झाली तर चाकाचे वजन एका बाजूला जास्त आहे आणि ड्रेसिंगने ते बरेच सुधारेल. दोन्ही टोकांची चाके उतरवून, फ्लँज आणि नट नीट आवळून मशीन चालवल्यावरही थरथर तशीच राहिली, तर दोष बेअरिंगचा किंवा वाकलेल्या स्पिंडलचा आहे, आणि चाक कितीही वेळा बदलले तरी ती जाणार नाही.