या चुका टाळा: फ्लॅटमधल्या सामानाची यादी आणि ‘फ्रिज कोणाचा?’

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये यादी होती, तीही गूगल शीटवर, रंगीत रकान्यांसकट. तरी सांगलीवाला फ्लॅट सोडायला निघाला त्या संध्याकाळी टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि आम्ही तिघं फ्रिजभोवती तोंडं पाडून उभे होतो. यादीत फ्रिजसमोर सांगलीवाल्याचं नाव होतं, कारण दुकानदाराला जीपे त्याने केलं होतं. बाकी दोघांनी आपापले पैसे त्याला नंतर दिले, पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त भांडणं याच चुकीतून होतात. ज्याने पैसे भरले त्याचं नाव ‘मालक’ म्हणून पडतं. त्यामुळे ‘कोणाचं’ असा एकच रकाना ठेवू नका. दुकानात पैसे कोणी भरले, वाटा कोणाचा किती आणि बाकीच्यांनी तो चुकता केला का, असे तीन रकाने करा. तिसऱ्यात ‘हो’ आल्यावर पहिला रकाना फक्त बिल शोधायच्या कामाचा उरतो.

दुसरी चूक मधेच कोणी सोडून जातो तेव्हा होते. आमचा फ्रिज जुन्या सामानाच्या दुकानातून 9,000 रुपयांना घेतलेला, तिघांचे 3,000 प्रत्येकी. सांगलीवाला बारा महिन्यांनी निघाला आणि त्याच्या जागी नांदेडचा आला. एकाचं म्हणणं, ‘आम्ही तीन हजार दिले, तोही तीन हजार देईल.’ ऐकायला न्याय्य वाटतं, पण नाही. फ्रिज आता वर्षभर वापरलेला आहे.

आम्ही शेवटी असं ठरवलं की फ्रिजची किंमत 36 महिन्यांत शून्यावर येईल, म्हणजे महिन्याला 250 रुपये उतरेल. बारा महिन्यांनी किंमत 6,000, एकाचा वाटा 2,000. नांदेडवाल्याने ते 2,000 थेट सांगलीवाल्याला दिले आणि त्याच दिवशी यादीतलं नाव बदललं. आणखी वर्षाने आमच्या मूळ तिघांतला नगरवाला गेला, तेव्हा फ्रिजची किंमत 3,000 होती. त्याला 1,000 मिळाले.

हिशेब बरोबर आहे का, हे ताडून बघता येतं. सांगलीवाल्याने 3,000 देऊन 2,000 परत घेतले, म्हणजे वर्षभराच्या फ्रिजचे त्याला 1,000 पडले. नांदेडवाल्याच्या पहिल्या वर्षात त्याचा वाटा 2,000 वरून 1,000 वर आला, म्हणजे त्यालाही तेवढेच. त्याच्याकडून तीन हजार घेतले असते, तर त्याच वर्षाचे 2,000 पडले असते. नवीन कोणी येत नसेल, तर राहिलेले दोघं मिळून जाणाऱ्याचा वाटा विकत घेतात. हे 36 महिने मात्र वस्तू घेतानाच लिहून ठेवा. निघताना ठरवायला बसलात की जाणारा म्हणतो साठ, राहणारे म्हणतात चोवीस.

दुरुस्तीचं काय? फ्रिजमध्ये गॅस भरला, तर तो वीजबिलासारखा खर्च. त्या वेळी राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचा, यादीत आणायचा नाही. कॉम्प्रेसरच नवीन बसवला असेल, तर त्याची वेगळी ओळ करून त्याचे वेगळे महिने धरा.

आता शीटची एक खोडी. कोणीतरी वस्तू अकारविल्हे लावायला फक्त पहिला रकाना निवडून सॉर्ट करतो. वस्तूंची नावं हलतात, समोरची माणसं जागच्या जागी राहतात, आणि मिक्सर भलत्याच्याच नावावर जातो. वस्तू आणि बिलाची रक्कम जुळेनाशी झाली (बादली 3,400 रुपयांची दिसली!) की हेच झालंय असं समजा. `File > Version history > See version history` मध्ये जाऊन सॉर्टच्या आधीची प्रत परत आणा. त्यानंतर केलेले बदल आधी बाजूला उतरवून घ्या, नाहीतर तेही जातील.

नुसतं ‘कुकर’ असंही लिहू नका. आमच्याकडे दोन होते, एक तीन लिटरचा, एक पाचचा, आणि निघताना शिट्टी एकच सापडली. भांडं, झाकण, शिट्टी असं मोजून लिहा. मिक्सरची जारंही तशीच मोजा. मोठ्या वस्तूचा मागच्या स्टिकरसकट फोटो काढा, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो.

घरमालकाच्या वस्तूंसाठी वेगळं पान करा. पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड तिथे. त्याची जुनी ट्यूब काढून स्वतःची एलईडी लावली असेल, तर जुनी माळ्यावर जपून ठेवा आणि तसं यादीत लिहा. जाताना आपली काढून त्याची परत बसवता येते.

गॅसचं सिलिंडर मात्र वाट्यात धरू नका. ते कंपनीचं असतं, आपण भरतो ती अनामत. कनेक्शन परत केल्यावर ती कागदावर ज्याचं नाव आहे त्यालाच मिळते. पैसे तिघांनी घातले असतील, तर यादीत ‘सिलिंडर’ऐवजी ‘गॅसची अनामत’ लिहा आणि पुढे तिघांचे आकडे टाका. ही रक्कम महिन्यागणिक उतरत नाही, म्हणून तिला 36 महिन्यांचा हिशेब लावू नका. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तोच आधी निघत असेल, तर टेम्पो बोलावण्याआधी एजन्सीत जाऊन या.