ट्रिगर स्ट्रॅटेजी आणि किमान डिस्काउंट फॅक्टर : या चुका टाळा

दोन कंपन्या आहेत, दर महिन्याला आपापली किंमत ठरवतात, गेम कधी संपणार ते ठरलेलं नाही. दोघींनी मिळून किंमत चढी ठेवायची, आणि कोणी एकदा जरी ती मोडली तर पुढच्या महिन्यापासून कायमचं साधं नॅश, म्हणजे एकटीने किंमत बदलून जिथे कोणाचाच फायदा होत नाही त्या किमती. यालाच ग्रिम ट्रिगर म्हणतात. प्रश्न एवढाच असतो की हे संगनमत टिकायला डिस्काउंट फॅक्टर δ, म्हणजे पुढच्या महिन्याचा एक रुपया आज किती मोलाचा वाटतो तो आकडा, कमीत कमी किती हवा. गणित चार ओळींचं आहे, तरी एमएच्या पेपरात आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून एकदाच एकच उदाहरण धरून लिहून टाकतो.

उदाहरण हे घ्या. माल थोडा वेगवेगळा आहे, दोन ब्रँडच्या साबणासारखा, म्हणजे एकीने किंमत उतरवली तरी दुसरीची सगळी गिऱ्हाइकं पळत नाहीत. एक नग बनवायचा खर्च दोघींना २० रुपये आणि मागणी अशी:

```
q₁ = १४० − २p₁ + p₂
q₂ = १४० − २p₂ + p₁
```

सोडवलंत तर नॅशमध्ये दोघींची किंमत ६० येते आणि प्रत्येकीला नफा ३२००. दोघींनी मिळून एकत्रित नफा वाढवायचा ठरवला तर किंमत ८० आणि प्रत्येकीला ३६००. इथवर बहुतेकांचं बरोबर येतं (खर्चाचे २० वजा करायला विसरणारे सोडून, त्यांनी आधी ते शिकावं मग पुढे वाचावं).

फसवणुकीचा नफा चुकीचा घेणं

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. पुस्तकात पहिलं उदाहरण एकसारख्या मालाच्या बर्ट्रांडचं असतं, तिथे एक पैसा किंमत कमी केली की सगळा बाजार आपला, म्हणून फसवणारीला एका महिन्यात दोघींचा मिळून नफा मिळतो आणि उत्तर येतं δ ≥ १/२. कंपन्या n असतील तर १ − १/n. मुलं हे पाठ करतात आणि मग मागणी कुठलीही असो तेच चिकटवतात. आपल्या उदाहरणात ७२०० घेतलेत तर उत्तर ०.९ येतं, जे साफ चूक आहे, कारण इथे सगळा बाजार कोणाला मिळतच नाही.

याचीच उलटी बाजू एका सेमिनारमध्ये बघितली. प्रेझेंटेशन देणाऱ्या मुलाने अशाच मागणीत फसवणारी कंपनी किंमत एक रुपयाने उतरवते असं धरलं होतं, ८० ची ७९. मग नफा ५९ गुणिले ६२, म्हणजे ३६५८, आणि त्यावरून किमान δ आला ०.१२७ च्या आसपास. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की अशा बाजारात संगनमत जवळजवळ आपोआप टिकतं, कितीही उतावळ्या कंपन्या असल्या तरी, आणि त्यावर पुढची दहा-बारा मिनिटं स्पर्धा कायद्याची धोरणं सांगत बसला. स्लाइड देखण्या होत्या, पायाच चुकीचा. मी एवढंच म्हटलं की δ = ०.२ टाकून दोन्ही बाजू फळ्यावर लिही. जो फसवायला निघालाय तो एक रुपया कशाला उतरवेल, त्याला सर्वात फायद्याची जी किंमत असेल तीच लावेल ना? समोरची ८० वर असताना आपली बेस्ट रिस्पॉन्स काढली की किंमत येते ६५, विक्री ९० नग, नफा ४५ गुणिले ९०, म्हणजे ४०५०. आता δ = ०.२ ला प्रामाणिक राहिलं तर ३६००/०.८ म्हणजे ४५००, आणि फसवलं तर ४०५० अधिक ३२०० × ०.२५ म्हणजे ४८५०. फसवणंच फायद्याचं. त्याचं ०.१२७ तिथेच कोसळलं.

माझी सवय अशी आहे की फॉर्म्युला लिहायच्या आधी तीन आकडे कोपऱ्यात लिहून चौकट करायची: फसवणुकीचा D = ४०५०, संगनमताचा C = ३६००, शिक्षेचा N = ३२००. D काढताना समोरचीची किंमत ८० वरच गोठवलेली आहे ना, आणि आपण डेरिव्हेटिव्ह शून्य करूनच किंमत काढलीय ना, हे बघायचं. मग

```
δ ≥ (D − C) / (D − N) = ४५० / ८५० = ९/१७ ≈ ०.५३
```

याला शॉर्टकट नाही. १/२ शी उत्तर जवळ आलं हा निव्वळ या आकड्यांचा योगायोग आहे, त्यावरून पाठांतर बरोबर होतं असं समजू नका.

शिक्षा आजपासूनच मोजणं

फसवणुकीच्या महिन्यात ४०५० मिळतात, शिक्षा पुढच्या महिन्यापासून सुरू होते. म्हणजे शिक्षेची बेरीज ३२०० × δ/(१−δ), वर तो δ हवाच. तो विसरला की आजचा महिना दोनदा मोजला जातो आणि उत्तर जवळजवळ ०.९ येतं. गंमत म्हणजे वरच्या ७२०० वाल्या चुकीतही ०.९ च येतं, त्यामुळे पेपरात ०.९ दिसलं की यातलं काय झालंय ते पायऱ्या बघितल्याशिवाय कळत नाही. तपासायचं कसं, तर उत्तर परत टाकून: ९/१७ ला प्रामाणिक राहिलं तर ७६५० आणि फसवलं तरी ४०५० + ३६०० = ७६५० आलं पाहिजे. जुळलं नाही तर बेरीज चुकलीय.

शिक्षा वाटेल तेवढी कडक करणं

"फसवलं तर कायम खर्चाला विकू, नफा शून्य" असं लिहून किमान δ १/९ वर आणणारे उत्साही लोक असतात. अरे पण ती शिक्षा देणार कोण? समोरची २० ला विकत असेल तर मला ५० ला विकून १८०० नफा मिळतो, मग मी का शून्यावर बसू? कायमचं शून्य हे या गेममध्ये नॅश नाही, त्यामुळे ती धमकी पोकळ आहे. एकसारख्या मालात खर्चाला विकणं हेच नॅश असतं म्हणून तिथे ते चालतं, इथे नाही. नॅशपेक्षा कडक शिक्षा बांधता येते, दिलीप अब्रेऊ यांनी १९८० च्या दशकात तेच दाखवलं, थोडा काळ जबर मार आणि मग परत संगनमताचं बक्षीस, पण त्यात शिक्षा भोगतानाही कोणाला पळावंसं वाटणार नाही ही अट वेगळी तपासावी लागते. ती न तपासता फक्त N च्या जागी शून्य टाकणं म्हणजे उत्तर चोरणं.

०.५३ च्या खाली सगळं संपलं असं समजणं

ही चूक जास्त हुशार मुलं करतात, आणि यात अर्थच बदलतो. ९/१७ हा ८० रुपयांची पूर्ण मक्तेदारी किंमत टिकवायचा आकडा आहे. δ = ०.५ असेल तर ८० टिकत नाही, बरोबर, पण म्हणून कंपन्या थेट ६० वर पडतात का? नाही. दोघी मिळून थोडी कमी किंमत ठरवतील. प्रत्येक नगामागचा नफा m धरा (किंमत वजा २०) आणि तेच तीन आकडे m च्या भाषेत परत काढा, C = m(१२० − m), D = (१२० + m)²/८, N तोच. आकडेमोड केली की सुंदर सुटसुटीत अट निघते:

```
δ ≥ ९(m − ४०) / (m + २८०)
```

m = ६० टाका, ९/१७ परत मिळतो, म्हणजे गणित बरोबर आहे. आता उलटं वापरा. δ = ०.५ ला m जवळजवळ ५८.८ पर्यंत जातो, म्हणजे किंमत ७८.८०. किमान δ च्या खाली आलो आणि किंमत रुपया-सव्वा रुपयाने उतरली, एवढंच! δ = ०.३ ला सुद्धा सुमारे ७१ रुपये टिकतात, नॅशपेक्षा ११ ने जास्त. आणि m ४० च्या जवळ आणला की हवा तो δ शून्याकडे जातो, म्हणजे कितीही उतावळ्या कंपन्या असल्या तरी थोडं संगनमत टिकतंच.

एकसारख्या मालात मात्र खरोखर कडा आहे, दोन कंपन्यांत δ १/२ च्या खाली गेला की खर्चाच्या वरची कुठलीच किंमत टिकत नाही, कारण तिथे C कितीही छोटा केला तरी D त्याच्या दुप्पटच राहतो. म्हणून "किमान δ ओलांडला नाही, सबब स्पर्धा आहे" असं लिहायच्या आधी कुठला गेम आहे ते बघा. उलट बाजूही तशीच, δ मोठा आहे म्हणून संगनमत होतंच असं नाही, दर महिन्याला ६० लावत राहणं हाही समतोल आहेच. ९/१७ एवढंच सांगतो की ८० टिकू शकते.

δ म्हणजे फक्त व्याज असं धरणं

वार्षिक १२ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला साधारण १ टक्का, म्हणजे δ ≈ ०.९९, म्हणजे झालं, संगनमत पक्कं. असं असतं तर कार्टेल कधी तुटलीच नसती. δ मध्ये पुढच्या महिन्यात हा गेम चालू असण्याची शक्यताही गुणायची असते. ती ०.८ असेल तर δ = ०.८/१.०१, म्हणजे ०.७९ च्या आसपास. आणि फसवणूक कळायला k महिने लागत असतील तर फसवणारी तेवढे महिने ४०५० खाते, आणि अट होते δᵏ ≥ ९/१७. ०.७९ चा वर्ग ०.६३, चालतं. घन ०.५०, गेलं. तोच बाजार, त्याच कंपन्या, फक्त बातमी दोनाऐवजी तीन महिन्यांनी कळली.

अमेरिकेतली जॉइंट एक्झिक्युटिव्ह कमिटी बघा, शिकागोहून पूर्व किनाऱ्याकडे धान्य नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांची कार्टेल, १८८० च्या दशकातली, शर्मन कायदा १८९० चा म्हणजे तेव्हा यावर बंदी नव्हती. गुपचूप दिलेली सूट दिसत नसे, म्हणून कोणाचा किती माल गेला याचा हिशेब दर आठवड्याला ठेवत, k छोटा ठेवायचा हाच उद्देश. तरी दर कोसळायचे, परत सावरायचे. रॉबर्ट पोर्टर यांनी १९८३ मध्ये १८८० ते १८८६ चे साप्ताहिक आकडे तपासले ते याच प्रश्नासाठी. एखाद्या आठवड्यात आपल्या वाट्याला माल कमी आला तर समोरच्याने सूट दिली की मागणीच हलली हे नक्की सांगता येत नाही, मग कोणीही फसवलेलं नसताना सुद्धा शिक्षा सुरू करावी लागते, नाहीतर खरी फसवणूक रोखताच येत नाही. तिथे कायमची शिक्षा घातक आहे, एका वाईट आठवड्यावर सगळं कायमचं संपेल, म्हणून शिक्षा ठराविक काळाचीच ठेवतात आणि (D − C)/(D − N) हा फॉर्म्युला तसाच लावता येत नाही. दरयुद्ध दिसलं की "कोणीतरी फसवलं" असं लिहून मोकळे होऊ नका.

बाकीच्या, पटकन

शेवटचा महिना सगळ्यांना माहीत असेल आणि एका फेरीच्या गेमला एकच नॅश असेल (आपल्या उदाहरणात एकच आहे), तर मागून सोडवत आलं की पहिल्याच महिन्यात ६०, δ कितीही असो.

कंपन्यांचे खर्च वेगळे असतील तर दोघींचा किमान δ वेगळा काढा, मोठा असेल तो धरा. सरासरी काढू नका.

प्रश्नात व्याजदर r दिलाय की δ ते वाचा. इथे δ ≥ ९/१७ म्हणजे r ≤ ८/९, चिन्ह उलटतं.