बाल्कनीतली भाजी: बी पेरायच्या आधीच होणाऱ्या चुका

पहिला पाऊस पडला की आमच्या सोसायटीत कुणाला तरी बागेची हुक्की येतेच. रविवारी नर्सरीत जायचं, सहा देखण्या कुंड्या, मातीची दोन पोती आणि टोमॅटो-मिरचीची रोपं आणायची, दुपारपर्यंत सगळं लावून फोटो काढायचे. मग गणपतीच्या सुमारास तीच मंडळी माझ्या दारात. "काकू, मिरची पिवळी का पडतेय? कुठलं औषध मारू?" औषधाचं नाव मी सांगत नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन कुंडीत बोट खुपसते. दहातल्या आठ वेळा बोट दुसऱ्या पेरापुढे जातच नाही, आणि तिथेच निदान संपतं.

मातीबद्दल मला बोलायचा हक्क आहे, कारण सगळ्यात मोठी माती मीच खाल्ली आहे.

बारा वर्षांपूर्वी माझे सासरे बार्शीकडच्या शेतातून दोन पोती काळी माती गाडीच्या डिकीत घालून घेऊन आले. "सूनबाई, ही हरभऱ्याची जमीन आहे, हिच्यात काय नाही येणार?" मलाही ते पटलं. आठ कुंड्या भरल्या, वर मूठमूठ शेणखत टाकलं आणि ज्वाला मिरचीची रोपं लावली. पावसाळ्यात पाणी वर तळ्यासारखं साचून राहायचं, दोन-दोन तास मुरायचं नाही. खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी शेणखत घातलं. शेवटी एक रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी, लिबलिबीत, आणि वास गटाराचा.

तीन रोपं जगली. ऑक्टोबरात ऊन तापलं आणि दुसराच तमाशा सुरू झाला. तीच माती आकसली, तिला भेगा पडल्या आणि कुंडीची कड सोडून ती बोटभर आत सरकली. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची, ते लगेच खालून वाहायचं, आणि मी खूश, की वा, निचरा काय छान होतोय! रोपं मात्र माना टाकत होती. एक दिवस कुंडी उलटी केली तर आतून वीट निघावी तसा अख्खा गोळा निघाला. फोडला तर मधोमध कोरडा ठणठणीत. पाणी मातीत शिरतच नव्हतं. कडेच्या फटीतून थेट खाली उतरत होतं, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर.

काळ्या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि सुकला की आकसतो. शेतात हाच गुण कामाला येतो, कारण तिथे खाली हातभर-दोन हात माती असते, ओल खोलवर टिकते आणि हरभऱ्याची मुळं तिच्या मागे जातात. कुंडीत खाली जायला जागाच नाही. फुटभर खोलीत ओली असली की चिखल आणि सुकली की वीट, मधली अवस्था जेमतेम चार दिवस. सासऱ्यांची माती चांगलीच होती, फक्त ती शेताची होती.

तेव्हापासून माझं मिश्रण ठरलेलं आहे. दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवून पिळलेलं कोकोपीट, अर्धं घमेलं जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. एवढ्यात वीस लिटरच्या तीन-चार बादल्या भरतात. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. भरण्याआधी एक मूठ ओलसर मिश्रण घट्ट दाबून लाडू वळते आणि त्याला टिचकी मारते. लाडू भुसभुशीत मोडला पाहिजे. चेपला गेला पण मोडला नाही, तर माती जास्त झाली. वळलाच नाही, तर वाळू किंवा कोकोपीट जास्त. भरून झाल्यावर लिटरभर पाणी ओतायचं. ते वर उभं न राहता अर्ध्या-एक मिनिटात मुरलं पाहिजे.

शेणखताच्या बाबतीत घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ओलं, वास येणारं शेण म्हणजे खत नव्हे. ते कुंडीत कुजताना तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि वर हुमणीच्या अळ्या फुकट मिळतात. खत हातात चहापत्तीसारखं मोकळं लागलं पाहिजे आणि त्याला पावसाच्या मातीसारखा वास आला पाहिजे. दुसरं टोक म्हणजे नुसत्या कोकोपीटमध्ये लावणारे. "वजनाला हलकं, हात खराब होत नाहीत." बरोबर, पण त्यात रोपाला खायला जवळपास काही नसतं. तीन आठवडे रोप छान दिसतं, मग फिकट पडत जातं. शिवाय कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा तरी पाणी बदलून पिळावी लागते, कारण तिच्यात क्षार असू शकतात.

कुंडीच्या तळाशी तीन बोटं खडी किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत तर घराघरांत आहे, माझी आईही घालायची. त्याने निचरा सुधारतो हा समज आहे. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा आणि गळणं थांबेपर्यंत वाट बघा. मग तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतही तसंच होतं. मातीच्या सगळ्यात खालच्या थरात पाणी धरून राहतं, आणि तो थर किती जाड असेल हे मातीच्या पोतावर ठरतं, खाली खडी आहे की नाही त्यावर नाही. खडी घातली की तो चिंब थर उलट तीन बोटं वर, मुळांच्या जवळ येतो. म्हणून भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, आणि वरपर्यंत मिश्रण. मी रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या वापरते, स्वच्छ धुऊन. बुडाला करंगळीएवढी सहा-सात भोकं पाडते आणि बादली दोन विटांवर ठेवते. फरशीवर सपाट ठेवली तर भोकं असून नसल्यासारखीच.

टोमॅटो आणि वांग्याला एवढी बादली लागतेच, मिरचीचं दहा-बारा इंची कुंडीत भागतं. मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोल पसरट ट्रे पुरतो. लोक बरोबर उलटं करतात. सहा इंची शोभेच्या कुंडीत टोमॅटो कोंबतात आणि कोथिंबीर फुटभर खोल पिंपात.

आता उन्हाबद्दल. ही चूक शहाणी माणसंही करतात, कारण त्यांनी ऊन बघितलेलं असतं, फक्त एकाच महिन्यात.

शेजारच्या विंगमधल्या एका मुलाने जानेवारीत मला बाल्कनी दाखवली. दक्षिणेची, चार फूट रुंद, पुढे लोखंडी ग्रील. ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत आलेलं. म्हणाला, "काकू, दिवसभर ऊन असतं इथे." मी सांगितलं, आता टोमॅटो लावू नकोस, सप्टेंबरपर्यंत थांब. त्याला वाटलं म्हातारी उगाच फाटे फोडतेय. फेब्रुवारीत पाच रोपं लावली. मार्चअखेरीस रोपं कमरेएवढी झाली, फुलंही आली, आणि तेव्हाच ऊन मागे सरकायला लागलं. एप्रिलच्या मध्यावर कठड्याजवळ जेमतेम दीड फुटाची पट्टी उरली. फुलं गळाली, फांद्या प्रकाशाच्या मागे ग्रीलबाहेर लोंबायला लागल्या. पाच रोपांना मिळून सात टोमॅटो. तोपर्यंत दुपार ३५ अंशांच्या वर गेली होती, आणि एवढ्या उष्णतेत टोमॅटोची फुलं अशीही टिकत नाहीत.

पुण्यात डिसेंबरात भर दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो, आकाशात साधारण अर्ध्या उंचीवर, म्हणून तो स्लॅबखालून तिरपा आत येतो. उन्हाळ्याकडे जाताना तो वर चढतो आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण गच्चीवर बाटली उभी करून बघतो ना, तोच. त्या दिवशी वरच्या मजल्याचा स्लॅब दक्षिणेच्या बाल्कनीवर छत्रीसारखा धरलेला असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे जूनमध्ये हुक्की येणाऱ्या दक्षिणवाल्यांना ऊन नाही, वर ढग आहेत, आणि ते फळभाजी लावतात.

माझी सवय सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी नऊ, अकरा, एक, तीन आणि पाच वाजता उन्हाची कड फरशीवर खडूने आखायची आणि फोटो काढून ठेवायचा. असं डिसेंबर, मार्च आणि मेमध्ये एकेकदा. कुंडीच्या जागेवर सहा तास थेट ऊन मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी. तीन-चार तास मिळत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पुदिना किंवा अळू लावा आणि भांडत बसू नका. दक्षिणेच्या बाल्कनीत मी टोमॅटोचं बी ऑगस्टअखेर टाकते, महिन्याभराने रोप बादलीत लावते आणि डिसेंबर-जानेवारीत तोडते. मार्चमध्ये झाड उपटायचं आणि उन्हाळ्यात त्या बादलीत राजगिऱ्याचा पाला. पूर्वेच्या बाल्कनीला सकाळचं मऊ ऊन मिळतं, तिथे पालेभाजी हमखास येते. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये झाडं होरपळवतं, तेव्हा हिरवी जाळी बांधा आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या पुढे ठेवू नका.

बाकी किरकोळ. धणे रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे टाकून पंधरा दिवसांनी माझ्याकडे येऊ नका. ओली भरलेली वीस लिटरची बादली पंचवीस-तीस किलोची होते, ती कठड्यावर नाही, भिंतीच्या कडेला खाली ठेवा. काकडी-दोडक्याला फुलं येऊन फळ धरत नसेल तर नर फूल तोडून मादी फुलावर फिरवा, काकडीचं सकाळी आणि दोडक्याचं संध्याकाळी, कारण दोडक्याची फुलं तेव्हा उमलतात, सहाव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही. पाणी रोजच्या वेळेला नाही, बोट घालून दोन पेरं कोरडं लागलं तरच.

आणि कुंडीखाली ताटली ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अजूनही साड्या वाळत घालायच्या आधी एकदा वर बघतात.