ग्रुप कंपनीच्या लोनवरचं व्याज: ९० की ८१ हजार?

आमच्या अंबडच्या एका कंपनीने सातपूरच्या ग्रुप कंपनीला १० लाख दिले, ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज झालं ९०,०००. घेणाऱ्याने ३१ मार्चला व्याज खर्च ९०,००० डेबिट केला, समोर देणाऱ्याच्या खात्यात ८१,००० आणि टीडीएस देय ९,००० क्रेडिट, पैसे अजून दिले नसले तरी टीडीएस तेव्हाच कापायचा. देणाऱ्याकडे मात्र नेटच ८१,००० उत्पन्न धरलं होतं, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचं लेजर १०,८१,००० ला जुळतं, म्हणून चूक दिसतच नाही, दिसते ती थेट 26AS मध्ये, तिथे व्याज ९०,००० येतं. उत्पन्न ९०,०००च क्रेडिट करा, ९,००० टीडीएस येणे म्हणून डेबिट.